मालूताईंचा 'नये'

मालूताई वैतींनी चष्मा नाकावर खाली ओढला, कागद हातभर लांब धरला आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. त्यांचं वाचन सुरू झालं की प्रेसमधला प्रणित आपणहून मशीन बंद करतो. एकदा त्याने केलं नव्हतं, तेव्हा जे ऐकावं लागलं ते मशीनच्या आवाजापेक्षा मोठं होतं.

"सर्व रहिवाशांना या पत्रकाद्वारे सूचित करण्यात येते की, औद्योगिक परिसरात वायुगळतीसदृश आपत्कालीन परिस्थिती उद्भवल्यास आणि सदर परिस्थितीबाबत सायरनद्वारे इशारा देण्यात आल्यास, नागरिकांनी घाबरून न जाता, अफवांवर विश्वास न ठेवता, आपापल्या निवासस्थानातून..."

इथे त्यांना ठसका लागला. पाणी प्यायल्या. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि 'निवासस्थानातून'लाच पुन्हा श्वास संपला.

"मेला असता तो नागरिक," कागद टेबलावर आपटत त्या म्हणाल्या, "वाक्य संपेपर्यंत."

समोर बसलेली संचिता हसली नाही. ती एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात सुरक्षा अधिकारी होती, वय एकोणतीस. घोडबंदर रोडवरून सकाळी सातला निघालेली, शीळफाट्यावर दीड तास अडकलेली, आणि प्रेसमध्ये पोचेपर्यंत सगळ्या जगावर वैतागलेली. तिचं म्हणणं साधं होतं. येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता कारखान्याचा सायरन वाजणार. रंगीत तालीम. त्याआधी आजूबाजूच्या चार हजार घरांत हे पत्रक पोचायला हवं. वायू सुटला तर लोकांनी काय करायचं, ते त्यात असेल. आज मंगळवार. गुरुवारी छपाई.

"लिहिलं कोणी हे?" मालूताईंनी विचारलं.

"देवेश सरांनी. आमचे ॲडमिन मॅनेजर. वरच्यांनी पास केलंय."

"वरच्यांनी म्हणजे देवानं?"

मालूताईंची जीभ अशी आहे, त्याला इलाज नाही. पण त्या चिडल्या होत्या त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी याच भागात एका कारखान्यातून संध्याकाळच्या वेळी वायू सुटला होता. लोक काय झालं ते बघायला खाली उतरले, रस्त्यावर घोळके करून उभे राहिले, आणि खोकत खोकत दवाखान्यात गेले. त्यांत मालूताईंचे यजमान दौलत होते. चार दिवस ऑक्सिजनवर काढले त्यांनी. अजूनही जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबतात आणि शेजाऱ्यांच्या दाराची पाटी वाचायचं नाटक करतात. तेव्हा हे पत्रक म्हणजे मालूताईंना लग्नाची पत्रिका नव्हती. लोकांनी घरात थांबायला हवं होतं, आणि घरात थांबा असं कोणी त्यांना नीट सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या डोक्यात दोन वर्षं ठाण मांडून होतं.

मोठ्यानं वाचायची ही खोड त्यांची आजची नाही. मालूताई चेंदणी कोळीवाड्यातल्या. बाप दामाजी, खाडीत होडी. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण कागदाचा धाक जबर. मच्छीमार सोसायटीची नोटीस आली, बंदराचं काही फर्मान आलं, की चौथीतल्या मालूला ओट्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "वाच, पोरी." आजूबाजूला दहाबारा म्हातारे. मालू वाचायची. 'उपरोक्त' आणि 'तदनुषंगाने' ऐकून म्हातारे एकमेकांकडे बघायचे आणि निकाल द्यायचे, "पोरीला अजून वाचता येत नाय." आता चूक सरकारची आणि शिक्षा पोरीला! ही चीड तेव्हा जी डोक्यात गेली ती आजतागायत उतरलेली नाही. मग ती आधी स्वतःशी पुटपुटून घ्यायची, वाक्यं मोडायची, आणि माणसांना कळेल असं करून वाचायची. दहावी झाल्यावर ठाण्यातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासायला लागली, लग्न होऊन डोंबिवलीला आली, आणि इथे स्टेशनजवळच्या प्रेसमध्ये सव्वीस वर्षं झाली. डोंबिवली पूर्वेत छापली जाणारी अर्धीअधिक मराठी त्यांच्या तोंडून जाते. सोसायटीच्या नोटिसा, मंडळांचे अहवाल, क्लासची पत्रकं, श्राद्धाचीसुद्धा. एका गणेश मंडळाच्या अध्यक्षांचं चार पानी मनोगत त्यांनी एका पानावर आणलं होतं. अध्यक्ष वर्षभर बोलले नाहीत. पुढल्या वर्षी मनोगत घेऊन पुन्हा हजर.

पद्धत त्यांची ठरलेली. वाचताना जीभ अडखळली तिथे पेन्सिलची खूण. श्वास संपला तिथे पूर्णविराम. आणि जे वाक्य समोरच्या माणसाच्या तोंडावर बोलायची लाज वाटेल, ते काढून टाकायचं. 'सूचित करण्यात येते' असं कुठली बाई शेजारणीला म्हणते?

दुपारपर्यंत त्यांनी देवेश सरांचं वाक्य सोलून काढलं. संचिता तिथेच वडापाव खात बसून राहिली, कारण परत शीळफाट्यावर जायची तिची हिंमत नव्हती. तीन वाजता मालूताईंनी नवा मसुदा वाचून दाखवला. वर मथळा, 'गॅसगळती झाल्यास'. खाली:

"शेजारच्या कारखान्यातून गॅस सुटला, तर सायरन वाजेल. तो ऐकल्यावर घाबरू नका. घराबाहेर पडून, मोकळ्या मैदानात जमू नये. दारं-खिडक्या उघड्या ठेवू नयेत. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट, एसी चालू ठेवू नयेत."

ऐकायला छानच होतं. प्रत्येक 'नये'वर मालूताईंनी आवाज असा टाकला होता, की ऐकणाऱ्याची बाहेर पाऊल टाकायची छाती झाली नसती. प्रणितने टाळ्या वाजवल्या. संचितानेही मान डोलावली.

"मस्त वाटतंय ऐकायला, ताई. आता फक्त एक टेस्ट करूया."

"कसली टेस्ट? आत्ता वाचलं ना मी?"

"तुम्ही वाचलंत. लोक वाचणार नाहीत. लोक फक्त बघतात. दाराखालून पत्रक आत येतं, माणूस उचलतो, पाच सेकंद नजर फिरवतो, टीपॉयवर ठेवतो. त्या पाच सेकंदांत काय कळलं, तेवढंच त्याच्या डोक्यात राहणार. आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. कागद दाखवायचा, पाच आकडे मोजायचे, काढून घ्यायचा, आणि विचारायचं, 'आता तू काय करशील?'"

"पाच आकड्यांत काय वाचून होतं? मिठाच्या पुडीवरचं नावसुद्धा होत नाही."

"म्हणूनच तर."

"अगं, माणसं काय ढोरं आहेत का? चार ओळी वाचता येत नाहीत?"

"वाचता येतात, ताई. वाचत नाहीत."

मालूताईंना ही मुलगी आगाऊ वाटली. पण नाही म्हणायलाही कारण नव्हतं. प्रिंटरवर एक प्रत काढली. तेवढ्यात आर्यन आला, समोरच्या मोबाइलच्या दुकानातला, बिलबुकाची ऑर्डर घेऊन. बत्तीस वर्षांचा, पदवीधर, दिसायला हुशार. संचिताने त्याच्यापुढे कागद धरला, पाच मोजले, खेचून घेतला.

"सायरन वाजला. तुम्ही काय करणार?"

"बाहेर पडायचं," आर्यन म्हणाला. "मैदानात जमायचं सगळ्यांनी. काय, मॉकड्रिल आहे का?"

मालूताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिलबुक विसरून निघायला लागला.

"अरे, डोळे आहेत की भोकं? 'जमू नये' लिहिलंय! नये!"

"असेल, मॅडम. मला मैदान दिसलं."

"हा नेहमीच धांदरट आहे," तो गेल्यावर त्या म्हणाल्या. "दुसरं माणूस आणा."

दुसरं माणूस म्हणून प्रेसच्या पायरीशी बसणाऱ्या लक्ष्मी भाजीवाल्या मिळाल्या. सातवी शिकलेल्या, रोजचा पेपर शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत वाचणाऱ्या. त्यांनी पाच आकड्यांत कागद पाहिला आणि ठाम सांगितलं, "घरातून निघायचं. मैदानात जायचं. दारंखिडक्या उघड्या टाकायच्या. पन मंग माजी भाजी कोन बघील?"

मालूताईंनी कागद घेतला आणि पुन्हा मोठ्यानं वाचला. वाक्य शुद्ध होतं. अर्थ उन्हासारखा स्वच्छ होता. मग चुकतंय कुठे?

संचिताने बोट ठेवलं. "ताई, वाचू नका. नुसतं बघा."

मालूताईंनी नुसतं बघितलं. सव्वीस वर्षांत त्यांनी कधी कागदाकडे नुसतं बघितलं नव्हतं. ओळ अशी पडली होती: 'घराबाहेर पडून, मोकळ्या मैदानात जमू' आणि 'नये' जागा न पुरल्यामुळे खालच्या ओळीच्या डोक्यावर एकटाच जाऊन बसला होता. त्यात प्रणितने आपलं डोकं चालवून 'मोकळ्या मैदानात' ठळक केलं होतं, का तर महत्त्वाचं वाटलं म्हणून.

मराठीत नकार शेवटी येतो. बोलताना चालतं, कारण ऐकणाऱ्याला वाक्य संपेपर्यंत थांबावंच लागतं, आणि शेवटी मालूताईंसारखा आवाज टाकला की काम फत्ते. पण डोळा कुठे थांबतोय? तो 'मैदान' बघतो आणि चालू लागतो. आणि मालूताईंचं वाचन इतकं चांगलं होतं, की त्यांच्या आवाजाने कागदावरचं भोक बुजून जात होतं. हे त्यांना कळलं, आणि कळल्यावर त्या आणखीच चिडल्या. दुसऱ्यावर चिडता येत नाही असं कळलं की त्यांची चिडचिड दुप्पट होते.

"असा मजकूर गेला असता ना," त्या प्रणितला म्हणाल्या, "तर आपण चार हजार घरांना बाहेर काढलं असतं. शिस्तीत. शुद्ध मराठीत."

प्रणितने मुकाट्यानं ठळक काढून टाकलं.

संचिताने मग आपल्या पद्धतीचा मसुदा केला. लॅपटॉपवर, दहा मिनिटांत. एकही 'नये' नाही. मोठ्या अक्षरांत: 'घरातच थांबा. खिडक्या बंद करा. एसी, एक्झॉस्ट बंद करा. सायरन थांबेपर्यंत थांबा.' नाक्यावरच्या तीन माणसांना दाखवला आणि तिघंही पास झाले. संचिताचा चेहरा फुलला. मालूताईंचा पडला. एवढ्या वर्षांची विद्या, आणि लॅपटॉपवाल्या पोरीने दहा मिनिटांत पाणी पाजावं?

"मोठ्यानं वाच," त्या म्हणाल्या.

"ताई, झालं ना आता. तिघं पास झाले."

"वाच म्हणते ना. सोसायटीवाले हेच भोंग्यावरून वाचणार आहेत. वाच."

संचिताने वाचलं. शेवटच्या ओळीला जीभ अडखळली. "सायरन थांबेपर्यंत थांबा... थांबे... थांबा..."

"थांब," मालूताई म्हणाल्या. "जीभ अशी उगाच अडत नाही. सायरन किती वेळ वाजतो तुमचा?"

"तीनेक मिनिटं. वरखाली होत राहतो."

"आणि वायू किती वेळ राहतो हवेत?"

संचिताने लॅपटॉपवरून हात काढला. तासभर राहू शकतो, वारा नसला तर जास्त. धोका टळला की दुसरा सायरन वाजवायचा असतो, लांब, एकसलग. हे तिच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलेलं होतं. आणि तिचं पत्रक लोकांना सांगत होतं, की पहिला सायरन थांबला की या बाहेर.

"हे डोळ्याला नाही दिसत," मालूताई म्हणाल्या, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांना जरा बरं वाटलं. "कानालाच टोचतं."

'लांब, एकसलग सायरन ऐकू येईपर्यंत घरातच राहा' अशी ओळ झाली. मालूताईंनी ती तीनदा वाचली, संचिताने पाच आकडे मोजून दाखवली, आणि दोघी एकमेकींवर न रागावता घरी गेल्या. मथळा तोच राहिला, 'गॅसगळती झाल्यास', आणि त्याच्याकडे दोघींचंही लक्ष गेलं नाही.

बुधवारी सकाळी मालूताई प्रत घेऊन निघाल्या तेव्हा जिन्यात विमलाबाई भेटल्या. शेजारच्या. साताऱ्याकडच्या, सत्तरीच्या, शहाण्या बाई. मालूताईंनी सहज, नुसती खात्री म्हणून, कागद पुढे धरला. पाच मोजले. काढून घेतला.

"सांगा, काय करायचं?"

"घरात थांबायचं," विमलाबाई म्हणाल्या.

मालूताईंचा जीव भांड्यात पडला.

"आन खिडक्या उघडायच्या."

"उघडायच्या? कुठं लिहिलंय उघडायच्या? 'बंद करा' लिहिलंय, एवढ्या मोठ्या अक्षरात!"

"बंद करा? गॅस हाय म्हणताय की वर."

"मग?"

"मग काय मग? गॅस म्हणल्यावर खिडक्या उघडायच्या, बटणाला हात लावायचा न्हाय. शेंबडं पोर सांगंल. तुमी छापताय त्यात चूक झाली असंल बघा, मालूताई. नीट वाचा."

मालूताई जिन्यातल्या कठड्याला टेकल्या. त्यांना ओरडायचं होतं, पण ओरडणार कुणावर? बाईंचं बरोबर होतं. सिलिंडर घरात गळला तर खिडक्या उघडायच्या, हे सगळ्या घरांत सगळ्यांना पाठ. डोंबिवलीत 'गॅस' म्हणजे सिलिंडर. 'गॅस आला का', 'गॅस संपला', 'गॅस बंद केलास ना?' इथे हा शब्द स्वयंपाकघरातला आहे, कारखान्यातला नव्हे. मथळ्यात 'गॅस' दिसला की लोक पुढचं वाचतच नाहीत, जे पाठ आहे तेच करतात. आणि हा शब्द कोणी घातला होता? देवेश सरांनी बिचाऱ्यांनी 'वायू' लिहिला होता. 'वायू कोण म्हणतं?' असं म्हणत 'गॅस' केला होता मालूताईंनीच, बोली भाषा म्हणून.

नाक्यावरचे तिघं पास झाले होते, कारण ते रस्त्यात उभे होते. घर सांभाळणारी एकही बाई त्यांत नव्हती. हे सुचलं नाही म्हणून त्या स्वतःवर इतक्या संतापल्या की प्रेसपर्यंत रिक्षावाल्याशीही भांडल्या, आणि तो बिचारा मीटरनेच चालला होता.

"खाली टीप टाकूया," संचिता फोनवर म्हणाली. "'घरातल्या सिलिंडरचा गॅस असेल तर मात्र खिडक्या उघडा.'"

मालूताईंनी टीप टाकून बघितली आणि सकाळची भाजी लावत बसलेल्या लक्ष्मीबाईंना दाखवली. लक्ष्मीबाईंना पाच आकड्यांत काय दिसावं? 'खिडक्या उघडा.' टीप गेली. सिलिंडरही गेला. मथळ्यातला 'गॅस' गेला. वर फक्त राहिलं, 'कारखान्याचा सायरन वाजला तर'. खाली एका ओळीत एक काम, दाराच्या फटीला ओलं फडकं लावण्यासकट. पहिली ओळ, 'खिडकी बंद करा', सगळ्यांत मोठी. इतकी मोठी की मालूताईंना ती बघवेना.

"हे काय पत्रक आहे?" त्या प्रणितला म्हणाल्या. "सेलचा बोर्ड वाटतोय. घासाघीस करा, दोनावर एक फ्री."

"पण ताई, दिसतंय ना?"

"दिसतंय, मेल्या. तेच तर."

मग त्यांनी तो सेलचा बोर्ड तीनदा मोठ्यानं वाचला. कुठेही अडलं नाही. विमलाबाईंना फोनवरून ऐकवला, मग दुपारी घरी जाऊन पाच आकड्यांत दाखवला. विमलाबाई म्हणाल्या, "खिडकी बंद करायची. एसी बंद. दाराच्या फटीला वलं फडकं. आवाज लांबलचक आला की मग भायेर." आणि वर म्हणाल्या, "आता बरं लिवलंय. आधी कुणी लिवलं हुतं?" मालूताईंनी कागदाची घडी करून पिशवीत टाकली.

राहिले देवेश सर. गुरुवारी सकाळी ते स्वतः सही करायला आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. पत्रक बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. "संदर्भ कुठे गेला? अध्यक्षांचा संदेश कुठे गेला? 'करण्यात येते' वगैरे काहीच नाही. हे ऑफिशियल वाटत नाही, मॅडम."

मालूताईंनी त्यांचा मूळ कागद जपून ठेवला होता. तो त्यांनी पुढे केला. "वाचा, साहेब. मोठ्यानं."

देवेश सर शिकलेले, आवाजही चांगला. 'सदर परिस्थितीबाबत'पर्यंत ते रुबाबात गेले. 'अफवांवर विश्वास न ठेवता'ला आवाज चिरकला. 'निवासस्थानातून'ला त्यांनी श्वास घेतला, आणि श्वास घेतल्यावर आपण कुठे होतो हे त्यांना सापडेना.

"शेवटी काय करायचंय लोकांनी?" मालूताईंनी विचारलं, कागद उलटा घालून.

"मोकळ्या जागेत... एकत्र यायचं," सर म्हणाले. मग थांबले. कारखान्यात सायरन झाला की कामगारांनी तेच करायचं असतं, गेल्या अकरा वर्षांची सवय. "नाही, नाही. टाळायचं. ते टाळायचंय."

"तुम्हीच लिहिलंय, साहेब."

देवेश सरांनी सही केली. अध्यक्षांचा संदेश मात्र मागच्या बाजूला टाका म्हणाले, बारीक अक्षरात, नोकरी आहे शेवटी. मालूताईंनी टाकला. तोही त्यांनी वाचून बघितला आणि त्यातले दोन 'सदर' काढले, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी पत्रकं वाटली गेली. शनिवारी मालूताईंनी सुट्टी घेतली. त्यांना सकाळपासून काही गोड लागेना. चहा दोनदा गार केला. दौलत पेपर वाचत होते.

"अहो, लोकांनी वाचलं असेल का?"

"वाचलं असेल."

"वाचलं नसेल. बघितलं असेल फक्त. बघितलं तरी पुरे."

"तू बस ना जरा, मालू."

अकराला पाच मिनिटं असताना त्या उठून बसल्या, बसून उठल्या. आणि सायरन झाला. वर चढला, खाली आला, पुन्हा वर चढला. दौलतांनी पेपर ठेवला, उठून एसीचं बटण बंद केलं, स्वयंपाकघरात जाऊन एक्झॉस्ट बंद केला, ओला टॉवेल दाराशी लावायला गेले. सगळं पत्रकात होतं तसं, न बोलता.

मालूताईंना राहवेना. चार हजार घरं. त्यातली किती बंद झाली? समोरच्या इमारतीत काय चाललंय? विमलाबाईंनी लावली का खिडकी? खाली कोणी मैदानाकडे पळतंय का? त्यांनी हॉलच्या खिडकीची काच सरकवली, पुरती, आणि कमरेइतक्या बाहेर वाकल्या.

रस्ता रिकामा होता. समोरच्या पाच मजल्यांवरच्या सगळ्या खिडक्या लागलेल्या. एकेक मोजत त्या नजर फिरवत होत्या आणि त्यांच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात समोरच्या तिसऱ्या मजल्यावर काचेमागे कोणीतरी जोरजोरात हात हलवताना दिसलं. एक तरुण बाई, त्यांच्या ओळखीची नसलेली, कडेवर मूल. ती काच वाजवत होती. तोंड हलत होतं, पण सायरनमध्ये ऐकू काही येत नव्हतं. मालूताईंनी कानाला हात लावून 'काय?' अशी खूण केली.

त्या बाईने कपाळाला हात लावला. आत वळली, एक कागद घेऊन आली आणि तो काचेवर तळव्याने दाबून धरला.

रस्त्यापलीकडून, चष्मा नसताना, एका नजरेत मालूताईंना वाचता आलं.

खिडकी बंद करा.